एका प्रश्नाचे वाटे

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझा आवाज बसला, तो पुन्हा कधी पहिल्यासारखा उठलाच नाही. आजही मी बोललो की लोक पुढे वाकून ऐकतात आणि मला वाटतं, माझ्या बोलण्याला वजन आलं. तसं काही नसतं. चावडीमागच्या दोन खणांच्या शाळेत तिसरी आणि चौथी अशा दोन जमाती मिळून एक्केचाळीस पोरांपुढे रोज ओरडून तो गेलेला आहे.

गाव मंठ्यापासून चार कोसांवर. राज्य हैदराबादचं, सुट्टी जुम्म्याची, आणि शाळेत आम्ही दोघंच. सदर मुदर्रिस म्हणजे मोठे मास्तर. ते पहिली-दुसरी सांभाळायचे आणि सगळ्यांना उर्दू शिकवायचे. गाव त्यांना मौलवीसाब म्हणे. मी जालन्याचा, पंचविशीतला, तापट. तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. एका खणात त्यांचा 'अलिफ बे' चाले, दुसऱ्यात माझे पाढे, आणि मध्ये भिंत म्हणून एक तरट टांगलेलं.

आमच्या शाळेत पोरं नंबराने बसायची. ही पद्धत मी आणली नव्हती, माझ्या आधीपासून होती आणि मी स्वतः तशाच शाळेत शिकलो होतो, त्यामुळे तिच्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. अव्वल नंबरचा पोरगा माझ्या खुर्चीजवळ, मग दुसरा, मग तिसरा, असं करत शेवटचा दाराशी. प्रश्न वरून विचारायचा. पहिल्याला आला नाही तर दुसऱ्याला, त्याला नाही तर तिसऱ्याला. ज्याने सांगितलं तो उठून चुकलेल्यांच्या वर जाऊन बसणार. ऐकायला न्यायाचं वाटतं. होतं काय, तर प्रश्न चौथ्या-पाचव्या पोराच्या पुढे कधी जायचाच नाही. वरची पाच पोरं आपसात जागा बदलत राहायची आणि खालची पस्तीस-छत्तीस दिवसभर तरटपट्टीचे धागे उपसत बसायची. तरटपट्टी दाराकडच्या टोकाला पार झिजून गेली होती. मी त्याबद्दल त्यांना छड्या मारल्या आहेत. आज लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

अव्वल नंबर गावच्या वैद्यांच्या मुलाचा. चौथीतला, बारीक अंगाचा, तल्लख, आणि तल्लख आहोत हे ठाऊक असलेला. दाराशी शेवटचा एक तिसरीतला थोराड पोरगा बसायचा, बारा वर्षांचा. तो तिसरीत दोनदा बसलेला होता. त्याच्या बापाची दोन विहिरींची जमीन होती, घरात खायला प्यायला कमी नव्हतं. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी बाप पोराला घेऊन आला. अंगणात उभं राहूनच बोलला, आत आला नाही.

"गुरुजी, दोनदा बसलं पोरगं. मी काय म्हणून न्हाई राह्यलो. पण यंदा मुआयन्यात वर गेलं तर शिकू द्या, चौथीबी करू द्या. न्हाई गेलं तर मंग होळीपासून मोटंवर. मलाबी माणूस लागतंच."

मुआयना म्हणजे वर्षाची तपासणी. जिल्ह्याहून साहेब यायचे, पोरांना प्रश्न विचारायचे, आणि कोण वर जाणार ते तिथल्या तिथे ठरायचं. मी म्हटलं, "मामा, बघू." बाप गेल्यावर पोराला विचारलं, "तुला काय वाटतं रे?" तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. म्हणाला, "मला हितं बरं वाटतं." एवढंच. का बरं वाटतं, ते मी विचारलं नाही. दाराशी बसून तरटाचे धागे उपसण्यात काय बरं वाटायचं त्याला, देव जाणे.

त्याच महिन्यात तालुक्याहून प्रश्नांचा कागद आला. ज्या शाळांत तिसरी-चौथी एकत्र बसत, त्यांना दोन्ही जमातींना मिळून एकच कागद. बारा प्रश्न. हे नमुन्याचे, मुआयन्यात असेच येतील, तयारी करून घ्या. मी पहिला प्रश्न फळ्यावर लिहिला: मोटेची एक खेप तीन मिनिटांत होते, एका खेपेत बारा घागरी पाणी येते, तर दोन तासांत किती घागरी पाणी निघेल? वैद्यांच्या मुलाने पाटीवर दोन रेघा ओढल्या आणि म्हणाला, "चारशे ऐंशी." पहिला प्रश्न संपला. खाली छत्तीस पोरांचा प्रश्न वाचूनही झाला नव्हता.

त्या दिवशी माझा घसा आगीसारखा दुखत होता. शिक्षणशास्त्र वगैरे काही माझ्या डोक्यात नव्हतं, ते मागाहून लोकांनी चिकटवलं. मला फक्त खालच्या पोरांनी गप्प बसावं असं वाटत होतं, आणि ती गप्प बसत नव्हती कारण त्यांना करायला काही नव्हतं. वैतागून मी दाराकडे तोंड केलं आणि अगदी शेवटच्याला म्हटलं, "तू सांग. जास्त पाणी एका तासात निघेल का दोन तासांत?"

सगळा वर्ग हसला. तो पोरगा हसला नाही. त्याने विचार केला आणि म्हणाला, "दोन तासात. पण बैल दमल्यावर खेप हळू होती, गुरुजी."

मी म्हटलं, "बैल दमत नाहीत असं समज." मग त्याच्या शेजारच्याला विचारलं, एका तासात मिनिटं किती. त्याच्या वरच्याला, तीन मिनिटांची एक तर साठ मिनिटांत खेपा किती. तो बोटं मोजत वीसवर आला. पुढच्याने दोन तासांच्या चाळीस केल्या. मधल्या एकाने बारा चोक अठ्ठेचाळीस म्हणून त्यावर शून्य दिलं. उत्तर पुन्हा चारशे ऐंशीच, पण या वेळी ते दाराकडून माझ्याकडे आलं. वैद्यांचा मुलगा कंटाळून बसला होता. त्याला विचारलं, "शेवटच्याने सांगितलं ना बैल दमतात म्हणून? मग पहिल्या तासात तीन मिनिटांची खेप आणि दुसऱ्या तासात चार मिनिटांची, असं धर. आता किती?" तो पाटीवर खाली वाकला. बराच वेळ वर आला नाही. तीनशे ऐंशी म्हणाला, चुकलं. वीस आणि पंधरा मिळून पस्तीस खेपा, चारशे वीस घागरी. चुकल्यावर त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मला वाटतं, शाळेत त्याला न येणारा तो पहिलाच प्रश्न.

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो आणि बाराही प्रश्नांचे असे तुकडे पाडले. प्रश्न तोच ठेवायचा, निराळा करायचा नाही. कच्च्या पोरांना सोपा प्रश्न आणि हुशारांना अवघड असे दोन केले की दोन शाळा होतात आणि मला दोन तोंडं नव्हती. तळाशी असं काहीतरी ठेवायचं की जे डोळ्याला दिसतं, हाताला लागतं, किंवा दोन उत्तरांतून एक निवडता येतं. मधे हिशोबाच्या पायऱ्या. आणि शेवटी, उत्तर मिळाल्यावर, 'का?' आणि 'असं झालं तर?'

दुसरा एक प्रश्न होता, आपल्या मुलखात कापूस का पिकतो. वरच्या पोरांना वाक्य पाठ होतं: जमीन काळी आहे म्हणून. मी दाराकडच्या तिघांना शेतातली दोन ढेकळं आणायला सांगितली, एक काळ्या रानातलं, एक बरड माळावरचं. दोन्हींवर गडूभर पाणी ओतलं. विचारलं, कोणतं लवकर सुकेल? माळावरचं, त्यांनी सांगितलं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर खरंच तसं झालं. मधल्यांनी सांगितलं की कापूस पाऊस संपल्यावरही उभा असतो. मग वरच्यांना विचारलं, पाऊस संपल्यावर तो पाणी कुठून पितो? आणि ज्याचं सगळंच रान बरड आहे त्याने काय पेरावं? यावर दाराकडची पोरंही बोलायला लागली, कारण बरड रानाचं दुःख त्यांच्या घरी होतं आणि वैद्यांच्या घरी नव्हतं. मला त्या दिवशी घसा दुखल्याची आठवण झाली नाही.

महिनाभरात वर्ग ओळखू येईना. तरटपट्टी झिजायची थांबली. मी प्रश्न विचारला की आधी सगळ्यांनी गप्प राहून विचार करायचा, मी मनात वीस आकडे मोजायचो, आणि मग दाराकडून सुरुवात. खालच्याचं उत्तर आल्याशिवाय वरच्याला पुढे जाताच येत नव्हतं, म्हणून अव्वल नंबरचा पोरगा दाराकडे कान देऊन बसू लागला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. नव्याचे नऊ दिवस असतात हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण स्वतःच्या बाबतीत ते कुणाला आठवतं?

पण एक्केचाळीस पोरं, बारा प्रश्न, शिवाय इतिहास, उर्दूची वही, हाजिरी, आणि माझा घसा. रोज नव्याने कोणाला कोणता तुकडा द्यायचा हे ठरवणं मला झेपेना. म्हणून मी सोपं केलं. तुकडे वाटून टाकले. शेवटच्या आठ पोरांचा पहिला तुकडा, त्यांच्या वरच्या बारांचा दुसरा, पुढे तिसरा, आणि वरच्या पाचांचा 'का' आणि 'असं झालं तर'. पोरांनी त्याला नाव ठेवलं, वाटा. शिवारात माल निघाला की वाटे होतात, तसे हे प्रश्नाचे वाटे. "गुरुजी, माझा वाटा झाला," म्हणून पोरगं बसायचं आणि पुढचं उठायचं. घड्याळासारखं चालायचं. मीच शिकवलं होतं त्यांना: आपला वाटा नीट सांगायचा, आणि झाला की बसायचं, मधे मधे करायचं नाही.

दाराशी बसणाऱ्या त्या थोराड पोराने आपला वाटा एकदाही चुकवला नाही. त्याच्यासाठी मी जरा जास्तच सांभाळून तुकडा निवडायचो. त्याचं हसं होऊ नये, त्याला वर्गात बरं वाटत राहावं. माया होती ती. मी काही दगड नव्हतो.

एकदा पौषात, थंडीमुळे मी पोरांना अंगणात उन्हाला बसवलं होतं. प्रश्न कसला होता ते आठवत नाही, पोत्यांचा असावा. त्याने आपला वाटा सांगितला आणि खाली बसला नाही. उभाच राहिला. म्हणाला, "गुरुजी, पुढचं मी सांगू का?"

मला उशीर होत होता. त्या प्रश्नानंतर अजून पाच प्रश्न व्हायचे होते. आणि खरं सांगायचं तर, पुढचं त्याला येणार नाही अशी माझी खात्रीच होती. वर्गापुढे तो चुकला असता, पोरं हसली असती, आणि दोन महिन्यांत त्याच्या अंगात आलेलं बळ गेलं असतं. मी म्हटलं, "थांब. ते त्याचं आहे. तू आपला वाटा नीट केलास, शाबास. बैस."

तो बसला. शाबास म्हटल्यावर पोरगं खुश होतं, असं माझं मत होतं.

मौलवीसाब तरटाच्या पलीकडून सगळं ऐकत असायचे. एका दुपारी पान लावताना मला म्हणाले, "मास्टर, तुम्ही भाकर तोडून देऊन राह्यले, बराबर आहे. लहान तोंड, लहान घास. लेकिन कधी तरी आख्खी भाकर बी हातात द्या. तोडायचं बी शिकलं पाहिजे की न्हाई?"

मला राग आला. स्वतः तर हे गृहस्थ अजून पोरांकडून डोलत डोलत पाठ करून घेतात, आणि मला शहाणपण सांगतात. मी म्हटलं, "मौलवीसाब, आख्खी भाकर मागच्या साली दिली होती. खालची पोरं उपाशी राहिली." ते हसले आणि पान तोंडात घातलं. त्यांचा स्वभाव एकच गोष्ट दोनदा सांगण्याचा नव्हता. त्या वेळी मला ते बरं वाटलं.

मुआयना माघाच्या शेवटी आला. साहेब घोड्यावरून आले, सोबत एक शिपाई. उंच, वयस्कर, सभ्य माणूस. मराठी समजायचं, बोलायचे अर्धं उर्दूत. शाळा झाडून सारवून ठेवली होती. त्या थोराड पोराचा बाप चावडीच्या ओट्यावर येऊन बसला होता, आत डोकावत नव्हता, पण उठतही नव्हता. पोराने नवी टोपी घातली होती.

साहेबांनी पहिली-दुसरी पाहिली, मग तरट बाजूला करून आमच्याकडे आले. वरून सुरुवात केली. वैद्यांच्या मुलाने झटपट दोन उत्तरं दिली. साहेबांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "हुशार तो हर मदरसे में मिलते हैं, मास्टरसाहब. मी खालून बघतो." आणि सरळ दाराशी गेले.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. जन्मात पहिल्यांदा कोणी साहेब दाराकडून सुरुवात करत होता, आणि ती सवय फक्त माझ्या पोरांना होती. मी ओट्याकडे पाहिलं. बाप उभा राहिला होता.

साहेबांनी प्रश्न स्पष्ट, हळू विचारला. "एका गाडीत बारा पोती. रोज एक गाडी दोन खेपा करते. अशा तीन गाड्या. चार दिवसांत किती पोती?"

पोरगा उभा राहिला. घाबरला नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. थोडा वेळ थांबला, शिकवलं होतं तसा, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बारा दुणे चोवीस. एक गाडी दिसाला चोवीस पोती."

आणि बसला.

साहेब म्हणाले, "हां. आगे?"

पोराने वर पाहिलं. त्याला काही कळेना की साहेब आपल्याला काय विचारताहेत. त्याने हात लांब करून पुढच्या पोराकडे दाखवलं आणि म्हणाला, "माझा वाटा झाला, सायब. पुढचं त्याचं हाय."

पुढचा पोरगा तयारच होता, उठलाही. साहेबांनी त्याला हाताने बसवलं. पुन्हा प्रश्न म्हणून दाखवला, पहिल्यापेक्षा हळू. पोराने पुन्हा उठून तेच सांगितलं, चोवीस, आणि पुन्हा बसला. आता त्याचं तोंड उतरलं होतं. तो माझ्याकडे पाहत होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. 'पुढचं पण सांग' एवढे तीनच शब्द. साहेब समोर असताना मास्तराने तोंड उघडायचं नाही असा नियम होता, आणि उघडलं असतं तरी काय झालं असतं? साहेब माझ्यावर जरा रागावले असते. मी नियम पाळला. माझा घसाही बसलेला होता, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

साहेबांनी कागदावर खूण केली. मग खालच्या दुसऱ्या, तिसऱ्या पोरालाही आख्खा प्रश्न घातला. सगळ्यांनी एकच केलं. पहिला तुकडा बरोबर सांगायचा आणि बसायचं. आठच्या आठ. शेवटी साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्टरसाहब, बच्चे घाबरत न्हाईत, ये बहुत अच्छी बात है. पण पहिल्या कदमावर का थांबतात? कोणी थांबवलं?"

मी म्हटलं, "साहेब, कमकुवत आहेत." दुसरं काय सांगणार होतो?

तो थोराड पोरगा आणि त्याच्या रांगेतले आणखी तिघं तिसरीतच राहिले, उरलेले चार चौथीत. बापाने मला दोष दिला नाही. संध्याकाळी येऊन पाटी-दप्तर घेऊन गेला. "तुमी लई केलं, गुरुजी. त्याच्याच नशिबात न्हाई," असं म्हणाला, आणि ते मला शिवी दिल्यापेक्षा जास्त लागलं. मौलवीसाब दोन दिवस माझ्याशी भाकरीबद्दल काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो तरी असतो.

त्यानंतर मी पद्धत बदलली. टाकली नाही, कारण तिच्यात खोट नव्हती. खोट वाटणीत होती. प्रश्नाचे तुकडे पाडायचे ते पायऱ्या म्हणून, वाटे म्हणून नाही. पायरीवर नाव कोणाचंच लिहायचं नाही. वैद्यांच्या मुलानेही तळाच्या पायरीपासूनच सुरू करायचं आणि दाराशी बसणाऱ्यानेही हवं तिथवर जायचं. अडला की खालच्या पायरीचा प्रश्न विचारून हात द्यायचा, आणि हात लगेच काढून घ्यायचा. 'बैस' म्हणायचं नाही, 'अजून?' म्हणायचं. आठवड्यातून एक दिवस प्रश्न आख्खाच द्यायचा, आणि तुकडे पोरांनीच पाडायचे. नंबराने बसवणंही बंद केलं. यात वेळ जातो, गोंधळ होतो, बारा प्रश्नांतले सातच होतात. रोज संध्याकाळी मी दमून जायचो. पुढे कितीतरी शाळा बदलल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि लोक मला ती पद्धत विचारायला येऊ लागले. मी त्यांना ढेकळांचा प्रश्न सांगतो. पोत्यांचा सांगत नाही.

होळी झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी त्याच्या रानाकडून चाललो होतो. मुद्दामच गेलो असेन. सकाळची वेळ. तो मोट हाकत होता. मला पाहून त्याने बैल थांबवले आणि पाणी प्यायला दिलं. मास्तर माणूस, दुसरं काही येत नाही म्हणून प्रश्नच विचारला. तोच, पहिल्या दिवसाचा. खेप तीन मिनिटांची, बारा घागरींची, दोन तासांत किती?

त्याने नाडा धरून विहिरीकडे पाहिलं. "एका तासात वीस खेपा," तो म्हणाला. मग थांबला. सवयीने माझ्याकडे पाहू लागला.

मी म्हटलं, "अजून?"

"दोन तासात चाळीस. बारा चाळी चारशे ऐंशी. अन् दुसऱ्या तासात बैल दमून चार मिनिटाची खेप झाली, तर चारशे वीस." थोडं हसून त्याने बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "खरं म्हंजी त्याच्यापेक्षाबी कमीच निघतं. हे धवळं लई आळशी हाय."

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. म्हटलं, "आणि ती पोती? साहेबांची?"

"बहात्तर चोक दोनशे अठ्ठ्याऐंशी," त्याने लगेच सांगितलं.

"हे कधी शिकलास?"

"रोज ऐकतच व्हतो की. दाराशी बसलं तरी ऐकू येतं."

"मग साहेबांपुढे का नाही बोललास?"

त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. रागाने म्हणाला नाही, तक्रार म्हणूनही नाही. धडा विचारल्यावर सांगावा तसं त्याने सांगितलं.

"तवाबी येत व्हतं, गुरुजी. पर मी इचारल्तं तुमाला, पुढचं सांगू का. तुमी थांब म्हणाल्ते."

मग त्याने बैलांना हाक दिली. उन्हं वर यायच्या आत त्याला अजून बऱ्याच खेपा काढायच्या होत्या.